प्रति, प्रत आणि लपलेली प्रत

लंडनच्या सोहो भागात ५६ डीन स्ट्रीट नावाचा एक दवाखाना आहे. लैंगिक आजारांच्या तपासण्या आणि एचआयव्हीवरचे उपचार तिथे होतात. १ सप्टेंबर २०१५ रोजी तिथल्या एका कर्मचाऱ्याने दवाखान्याचे माहितीपत्रक ईमेलने ७८१ जणांना पाठवले. मजकुरात कोणाही रुग्णाविषयी एक अक्षर नव्हते. पण जे पत्ते बीसीसीच्या ओळीत टाकायचे, ते टूच्या ओळीत पडले. त्यातल्या ७३० पत्त्यांमध्ये माणसाचे पूर्ण नाव होते. मेल उघडणाऱ्या प्रत्येकासमोर बाकी सगळ्यांची यादी आली. यादीतला प्रत्येक जण एचआयव्हीबाधित नव्हता, पण वाचणाऱ्याला ते कसे कळणार? शेजारी, ओळखीचा, ऑफिसातला सहकारी असे कोणीही त्या यादीत सापडू शकत होते.

दवाखान्याने लगेच माफी मागितली, मेल पुसून टाका अशी विनंती केली. वाचून झालेले मनातून पुसता येत नाही. मे २०१६ मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने संबंधित रुग्णालय ट्रस्टला १,८०,००० पौंडांचा दंड ठोठावला. चौकशीत आणखी एक गोष्ट पुढे आली. याच ट्रस्टच्या औषध विभागाकडून २०१० मध्ये १७ रुग्णांच्या बाबतीत हुबेहूब अशीच चूक झाली होती. त्यानंतर काही उपाय केले गेले, पण कर्मचाऱ्यांना या एका गोष्टीचे वेगळे प्रशिक्षण कोणी दिले नव्हते.

हे प्रकरण मी अनेकदा वाचले आहे, कारण माझ्या हातून याच जातीची चूक झाली. तिचे प्रमाण लहान होते, पण ज्याला ती लागली त्याला ती लहान नव्हती. ती पुढे सांगतो. आधी या तीन ओळी मुळात काय म्हणतात ते पाहू.

आपल्याला या ओळी नव्या नाहीत. कोणतेही सरकारी पत्र काढून पाहा. वर ‘प्रति’ असते आणि त्याखाली ज्याने काम करायचे त्याचे पद. सही झाल्यावर खाली ‘प्रत’ सुरू होते आणि तिथे प्रत्येक नावासमोर कारण लिहिलेले असते. वरिष्ठांना ‘माहितीसाठी सविनय सादर’, इतरांना ‘माहितीसाठी व आवश्यक त्या कार्यवाहीसाठी’. जुन्या कारकुनांनी घडवलेली ही पद्धत फार नेमकी आहे. पत्र हातात पडताच माणसाला कळते की आपण ‘प्रति’मध्ये आहोत, म्हणजे उत्तर आपण द्यायचे, किंवा ‘प्रत’मध्ये आहोत, म्हणजे वाचून फाइलला लावायचे. ईमेलमधला टू म्हणजे हा ‘प्रति’ आणि सीसी म्हणजे ही ‘प्रत’. सीसी हे नावच कार्बन कॉपीवरून आले. टाइपरायटरच्या रुळावर दोन कागदांमध्ये कार्बन घालून काढलेली ती दुसरी प्रत.

बीसीसीसुद्धा टाइपरायटरच्याच काळातली. पत्राची एक प्रत तिसऱ्या कोणाला द्यायची असेल आणि मूळ पत्र मिळणाऱ्याला ते कळू द्यायचे नसेल, तर टायपिस्ट वरचा मूळ कागद काढून घेई आणि त्या तिसऱ्याचे नाव फक्त खालच्या प्रतींवर टाइप करी. मूळ कागदावर त्या नावाची खूणही उरत नसे. म्हणून ती ‘आंधळी’ प्रत.

आता आमच्या सोसायटीतली गोष्ट. पुण्यातली ८४ फ्लॅटची इमारत, मी तिथे चिटणीस. एका पावसाळ्यात एक लिफ्ट मजल्यांच्या मधे थांबू लागली. मी एक मेल लिहिला. टूमध्ये चार जण होते: लिफ्ट कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर, त्याचा एरिया मॅनेजर, आमचे अध्यक्ष आणि आमच्या खजिनदार काकू. मजकूर साधारण असा होता, की दुरुस्तीचे कोटेशन लवकर मिळावे, काम शनिवारी करता येईल का ते कळवावे आणि ॲडव्हान्सचा चेक तयार ठेवावा. मला वाटले, एका मेलमध्ये सगळे उरकले.

नऊ दिवस काहीच हलले नाही. इंजिनिअरला वाटले, मॅनेजरलाही थेट लिहिले आहे तर कोटेशन तेच पाठवतील. मॅनेजरला वाटले, साइट इंजिनिअरची आहे, तो पाठवेल. अध्यक्षांना वाटले, चिटणीस बघत आहेत. खजिनदार काकू कोटेशनची वाट पाहत होत्या, कारण रक्कम कळल्याशिवाय चेक कसा लिहिणार? चौघांपैकी कोणीही कामचुकार नव्हते. चूक माझ्या टूच्या ओळीत होती. काम एकाचे आणि नावे चार, असे झाले की ते काम कोणाचेच राहत नाही.

दहाव्या दिवशी मी तोच मेल मोडून दोन केले. पहिल्याच्या टूमध्ये एकटा इंजिनिअर आणि मागणी एकच: गुरुवार संध्याकाळपर्यंत कोटेशन आणि शनिवारी माणसे येतील की नाही. सीसीमध्ये अध्यक्ष, कारण खर्चाला मंजुरी त्यांची लागते आणि कोटेशन आले की त्यांनी ते आपोआप पाहावे. दुसरा मेल खजिनदार काकूंना, की कोटेशन आले की ॲडव्हान्स किती द्यायचा ते सांगतो, त्या दिवशी सहीसाठी थांबा. कोटेशन बुधवारी आले.

त्यात मी मॅनेजरला मुद्दाम कुठेच ठेवले नाही. याबद्दल माझे मत ठाम आहे. एखाद्याच्या साहेबाला सीसीत घेणे ही नुसती माहिती राहत नाही, ती तक्रार होते. माणूस पहिल्याच मेलला दबून जातो आणि मग कामापेक्षा स्वतःचा बचाव आधी लिहितो. आधी त्याला एकट्याला लिहावे. आठवण करूनही उत्तर आले नाही, तर साहेबांना सीसीत घ्यावे आणि मजकुरात तसे उघड लिहावे: ‘दोनदा लिहूनही उत्तर न आल्याने मॅनेजरसाहेबांना प्रत देत आहे.’ आपल्या जुन्या पत्रांत प्रतीसमोर कारण लिहीत, तसेच हे.

टूमध्ये दोघांना घेण्यावाचून गत्यंतर नसेल, तर मजकुरात नाव घेऊन काम वाटून द्यावे. ‘देशपांडेसाहेब, मंजुरी कळवावी. काकू, चेक तयार ठेवावा.’ आणि नाव लिहिताना हात थांबला, या माणसाला मी काय सांगतो आहे हेच सुचले नाही, तर ते नाव टूमधले नाही. मग ते सीसीत असावे की नसावेच, हे ठरवायला दुसरा प्रश्न आहे. हा मेल मिळाला नाही तर त्या माणसाचे पुढच्या आठवड्यातले एखादे पाऊल चुकेल का? चुकणार असेल तर सीसी. नुसते ‘त्यांनाही कळलेले बरे’ एवढेच कारण असेल, तर नाव काढावे.

दुरुस्तीची रक्कम ठरली, प्रत्येक फ्लॅटला ६,५०० रुपये द्यायचे होते. मी सभासदांना नोटीस मेल केली आणि घाईत ८४ पत्ते सीसीत टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका सभासदाचे उत्तर आले. मुलाची नोकरी तीन महिन्यांपूर्वी गेली आहे, घराचा हप्ता थकला आहे, तेव्हा ६,५०० रुपये दोन भागांत दिले तर चालतील का, अशी विनंती. ते काका माझ्याशी बोलत होते. पण त्यांच्या फोनवर उत्तराचे बटण दाबले की उत्तर सगळ्यांना जाईल अशी मांडणी होती. ८४ घरांनी ते वाचले. दोघांनी सगळ्यांनाच उत्तर देऊन ‘चालेल, काळजी करू नका’ असे लिहिले. मनापासून लिहिले होते, पण त्यामुळे ते पत्र आणखी दोनदा सगळ्यांच्या पुढ्यात आले. काका त्यानंतर काही महिने मीटिंगला आले नाहीत. त्यांच्या घरी जाऊन मी माफी मागितली. चूक त्यांच्या बोटाची नव्हती. ८४ पत्ते उघडे ठेवून ते दार मीच उघडे टाकले होते.

दार कसे बंद होते, ते समजून घेतले की बीसीसी कधीच विसरली जात नाही. ईमेल पाठवताना दोन गोष्टी वेगवेगळ्या जातात, पाकीट आणि आतले पत्र. सर्व्हर पाकिटावरचे पत्ते पाहून मेल पोचवतो. वाचणाऱ्याला दिसतो तो आतला कागद. सभासदांना बीसीसीने नोटीस पाठवली तर दोन सर्व्हरांमधले बोलणे थोडक्यात असे असते:

```
RCPT TO:<society@example.com>
RCPT TO:<flat101@example.com>
RCPT TO:<flat102@example.com>
DATA
From: society@example.com
To: society@example.com
Subject: Lift repair
```

`DATA`च्या वरचे पाकीट, खालचे पत्र. १०१ आणि १०२ नंबरचे सभासद पाकिटावर आहेत, पत्रात नाहीत. त्यांना मेल मिळतो, पण एकमेकांचे पत्ते मिळत नाहीत. आता त्यातल्या कोणी ‘सर्वांना उत्तर’ दाबले, तर त्याच्या फोनला पत्ते शोधायला फक्त हा आतला कागद आहे. त्यात सोसायटीचा एकच पत्ता. म्हणून उत्तर कुठेही न पसरता सोसायटीकडेच येते. त्या दिवशी मी टूमध्ये आपलाच पत्ता आणि बीसीसीत सभासद एवढे केले असते, तर काकांचे पत्र माझ्यापाशीच थांबले असते.

एकमेकांना न ओळखणाऱ्या किंवा एकमेकांचे पत्ते द्यायची संमती न दिलेल्या लोकांना एकच मजकूर पाठवायचा असेल, तेव्हा बीसीसी हीच योग्य ओळ. क्लासचे पालक, देणगीदार, दवाखान्याचे रुग्ण, नोकरीसाठी अर्ज केलेले उमेदवार यांना ही लागू पडते. पण बीसीसीचा दुसराही एक वापर चालतो आणि त्यापासून मी प्रत्येकाला सावध करतो. सहकाऱ्याला लिहायचे आणि त्याच्या नकळत साहेबांना बीसीसीत ठेवायचे. इथे पाकीट आणि पत्र यांतला तोच फरक उलटतो. साहेबांना आपण लपलेले आहोत हे पटकन लक्षात येत नाही. मेल रोजच्यासारखाच दिसतो. ते ‘सर्वांना उत्तर’ दाबून लिहितात, ‘ठीक आहे, पुढे जा.’ ते उत्तर पत्रात दिसणाऱ्या सगळ्यांकडे जाते, त्या सहकाऱ्याकडेही. मग साहेब आधीपासून ऐकत होते हे त्याला कळते आणि त्या दोघांमधला विश्वास संपतो. साहेबांना दाखवायचेच असेल, तर मेल पाठवून झाल्यावर तो वेगळा फॉरवर्ड करावा. फॉरवर्ड केलेल्या मेलला साहेब कसेही उत्तर देवोत, ते पाठवणाऱ्यापलीकडे जात नाही.

लपलेल्या प्रतीचा एक सभ्य उपयोगही आहे आणि तो फार कमी लोक करतात. समजा एका मित्राने माझी ओळख एका प्लंबिंग ठेकेदाराशी करून दिली, आम्हा दोघांना टूमध्ये घेऊन. मी उत्तर लिहिताना टूमध्ये ठेकेदाराला ठेवतो, मित्राला बीसीसीत हलवतो आणि पहिल्या ओळीत लिहितो, ‘ओळखीबद्दल आभार, तुम्हाला बीसीसीत घेतले आहे.’ मित्राला कळते की काम मार्गी लागले. आणि त्याचा पत्ता पत्रात नसल्याने आमच्या पुढच्या वीस मेलांचा ताप त्याला होत नाही.

सर्वांना उत्तर केव्हा द्यावे, याची कसोटी मी एकच ठेवली आहे. माझे उत्तर वाचून या यादीतला प्रत्येक माणूस काही वेगळे करणार आहे का? मीटिंग शनिवारऐवजी रविवारी असेल, तर होय, सगळ्यांनी तारीख बदलायची आहे. इंजिनिअरने कोटेशन पाठवताना अध्यक्षांची प्रत गाळली, तर तेही चूकच. मग मंजुरी देणारा अंधारात राहतो आणि मला तोच मेल पुन्हा पाठवावा लागतो. पण ‘धन्यवाद’, ‘मिळाले’, ‘अभिनंदन’ किंवा एकाच माणसाच्या चुकीकडे लक्ष वेधणे यासाठी सगळी यादी लागत नाही. मतभेद असेल तर तो त्या एकालाच लिहावा. चारचौघांत चूक दाखवली की माणूस चूक मान्य करण्याआधी स्वतःची बाजू लढवतो.

सर्वांत घातक उत्तर म्हणजे ‘माझे नाव या यादीतून काढा’ हे सगळ्यांना पाठवणे. १४ ऑक्टोबर १९९७ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीत हे घडले. ‘बेडलम डीएल ३’ नावाच्या एका अंतर्गत यादीत सुमारे १३,००० कर्मचारी होते आणि बहुतेकांना आपण तिच्यात आहोत हेच ठाऊक नव्हते. एकाने विचारले, मी या यादीत का आहे, मला काढा. त्यावर शेकडो लोकांनी ‘मलाही’ असे सगळ्यांना लिहिले. मग इतरांनी ‘सगळ्यांना उत्तर देणे थांबवा’ असे, तेही सगळ्यांनाच, लिहिले. प्रत्येक उत्तराच्या १३,००० प्रती होत होत्या. त्या कंपनीतल्याच एका जुन्या अभियंत्याने नंतर मांडलेल्या हिशेबानुसार सुमारे दीड कोटी संदेश तयार झाले आणि कंपनीची मेलव्यवस्था कोलमडली. अशा वेळी गप्प राहणे हाच उपाय असतो. फार तर ज्याने यादी चालवली त्या एकालाच लिहावे.

चूक झाल्यावर ती परत घेता येते, असा अनेकांचा समज आहे. जीमेलमधले ‘अनडू’ मेल परत आणत नाही. तो मेल पाठवण्याआधी काही सेकंद अडवून धरतो, फार तर ३० सेकंद. सेटिंगमध्ये जाऊन ती मुदत ३० करून घ्यावी, कारण चुकलेला पत्ता बहुधा पाठवल्याच्या पुढच्या क्षणीच डोळ्यांत भरतो. आउटलुकमधले ‘रिकॉल’ आपल्याच संस्थेच्या सर्व्हरवरच्या पेट्यांपुरते चालते. बाहेर गेलेला मेल बाहेरच राहतो.

आणि जिथे यादी फुटली तर कोणाच्या जिवावर बेतू शकते, तिथे बीसीसीवरही विसंबू नये. सप्टेंबर २०२१ मध्ये ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने अफगाणिस्तानातून बाहेर काढायच्या लोकांना एक मेल पाठवला. तालिबानची सत्ता येऊन जेमतेम महिना झाला होता. त्या मेलमध्ये २४५ जणांचे पत्ते टूमध्ये पडले. ५५ जणांचे तर छोटे फोटोही पत्त्याशेजारी दिसत होते. दोघांनी सर्वांना उत्तर दिले आणि त्यातल्या एकाने आपण कुठे आहोत ते लिहिले. डिसेंबर २०२३ मध्ये मंत्रालयाला ३,५०,००० पौंडांचा दंड झाला. एका ओळीऐवजी दुसरी ओळ निवडली जाणे इतके सोपे असेल, तर मुळात एकाच मेलमध्ये अनेक पत्ते असू नयेत. मेल मर्ज किंवा बल्क मेलची सेवा प्रत्येकाला स्वतंत्र मेल पाठवते. पाकिटावरही एकच पत्ता असतो, म्हणून यादी फुटायला जागाच उरत नाही.

त्या प्रकरणानंतर मंत्रालयाच्या त्या विभागाने एक नियम केला. बाहेरच्या अनेकांना मेल जायचा असेल, तर पाठवण्याआधी दुसऱ्या माणसाने तो पाहायचा. आमच्या सोसायटीनेही तोच घेतला. आता सभासदांची नोटीस लिहिताना मी पत्त्यांच्या तिन्ही ओळी रिकाम्या ठेवतो. मजकूर पुरा झाला की टूमध्ये सोसायटीचा पत्ता, बीसीसीत सभासद. शेवटची ओळ असते, ‘आपली अडचण असल्यास याच पत्त्यावर कळवावी, उत्तर फक्त चिटणीस व खजिनदार वाचतात.’ मग मी खुर्चीवरून उठतो आणि पाठवण्याचे बटण खजिनदार काकू दाबतात. काका आता पुन्हा मीटिंगला येतात.